एका मार्काची हरकत

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की हिला लग्नाला जरूर बोलवा, पण पत्रिका हिच्या हातात देऊ नका. यात खोटं काही नाही. पत्रिका आली की मी मुहूर्त नंतर बघते, आधी चूक शोधते, आणि ती सापडली की पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा फिरावी तसं मला बरं वाटतं. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याचा हा परिणाम. मुलं मला पाठीमागे काय म्हणायची ते मला ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. बरोबर ते बरोबर, चूक ती चूक. त्यात कुणाला काय वाटतं याचा संबंधच कुठे येतो, अशा मताची मी होते.

निवृत्तीनंतर आम्ही लालबागची जागा विकून मीरा रोडला राहायला आलो. घर मोठं झालं, पण दिवसही मोठा झाला. नवऱ्याने सोसायटीतल्या मंडळींबरोबर पत्ते खेळायला सुरुवात केली. मला पत्ते येत नाहीत आणि शिकायची इच्छाही नव्हती. एक दिवस भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षांच्या क्लासची पाटी दिसली. पाटीवर इंग्रजीच्या दोन चुका होत्या. त्या सांगायला म्हणून जिना चढले आणि उतरले ती तिथली इंग्रजीची शिक्षिका होऊन.

क्लास चालवणारे सर गणिताचे. घरची भाषा मारवाडी, जन्म भाईंदरचा, बोलणं सगळ्या भाषांचं मिळून एक. माणूस चांगला. पाटी मात्र त्यांनी बदलली नाही. म्हणाले, "मॅडम, पाटी पढके आप आयी ना? मग ती कामाचीच आहे." 

संध्याकाळी खालून गाठिया तळल्याचा वास यायचा आणि वर आमची बॅच भरायची. मुलं सगळीकडची. कुणी बँकेची तयारी करतंय, कुणी सरकारी कारकुनाची, कुणी रेल्वेची. बहुतेक जण दिवसभर कुठेतरी नोकरी करून आलेले. इंग्रजीच्या पेपरात वाक्य तीन तुकड्यांत दिलेलं असतं आणि चूक कुठल्या तुकड्यात आहे ते सांगायचं असतं. चौथा पर्याय 'चूक नाही' असा. हा प्रकार म्हणजे माझं माहेर.

त्यातही एक नियम असा आहे की ज्यात दरवर्षी निम्मी बॅच आपटते. कर्ता एकवचनी असतो, आणि त्याच्यामागे 'ॲज वेल ॲज' किंवा 'अलाँग विथ' लावून आणखी माणसं जोडलेली असतात. 'द मॅनेजर ॲज वेल ॲज हिज असिस्टंट्स', म्हणजे मॅनेजर आणि त्याच्याबरोबरचे मदतनीस. आता पुढे क्रियापद एकवचनी 'इज' की अनेकवचनी 'आर'? मुलं डोळे मिटून 'आर' म्हणतात. माणसं तर पुष्कळ दिसतायत, शिवाय क्रियापदाला चिकटून उभे आहेत ते 'असिस्टंट्स'. पण इंग्रजीत ही जोडलेली मंडळी कर्त्यात धरत नाहीत. मॅनेजर एकटा, म्हणून 'इज'. तिथे 'अँड' असतं तर गोष्ट वेगळी, मग दोघं मिळून कर्ता आणि क्रियापद 'आर'. आणि उलटं करून आधी मदतनीस आणि मागून मॅनेजर आणला, तरी 'आर'च, कारण आता पहिलं नाम अनेकवचनी आहे.

आपल्या मुलांची गफलत का होते तेही मी शोधून काढलं होतं. ती मनातल्या मनात 'ॲज वेल ॲज'चं 'तसेच' करतात. मराठीत 'मॅनेजर तसेच मदतनीस आले' असंच म्हणतो आपण, सगळ्यांचं मिळून. म्हणून मी त्यांना 'तसेच' विसरायला लावायचे. "सह म्हणा," मी सांगायचे, "सह म्हटलं की चुकायला जागाच राहत नाही. वऱ्हाडासह नवरदेव आला. आला, की आले? वऱ्हाड कितीही मोठं असू दे, बोहल्यावर एकच चढतो." मुलं हसायची आणि नियम लक्षात राहायचा. ज्यांना मराठी जड जायची त्यांच्यासाठी 'के साथ' होतंच. 'बच्चों के साथ माँ आयी.' आई एकटीच.

दुसरी युक्ती पट्टीची. घरी आलेल्या लग्नपत्रिका मी चुका काढून झाल्या की कापून ठेवायचे. त्या जाड कागदाच्या पट्ट्या क्लासमध्ये वाटायच्या. वाक्यातला 'ॲज वेल ॲज'पासूनचा जोडलेला भाग पट्टीखाली झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. झाकल्यावर 'द मॅनेजर आर' असं उरलं तर कानालाच टोचतं. परीक्षेत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पट्टी कुठली लावणार, तिथे बोट धरायचं. पण सवय लागते. मागे-पुढे स्वल्पविराम असला तर सोपं, कुठून कुठपर्यंत झाकायचं ते दिसतं. पेपर काढणारे लबाड असतात, ते स्वल्पविराम देत नाहीत.

या सगळ्यात एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं, पण सरकारी नोकरीच्या वयाच्या अटीत तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. हाटकेशला आईबरोबर राहायची. वडील नव्हते. काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात ट्रकच्या मालाच्या बिल्ट्या बनवायची. कुठून माल निघाला, कुठे जाणार, किती नग, कुणाच्या नावे. संध्याकाळी तिथून रिक्षा बदलत भाईंदरला यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची, कारण पुढचे बाक तोवर भरलेले असायचे. केसांवर हायवेची धूळ असायची. ती झटकायची तिला सवय होती, धूळ जायची नाही.

ती हुशार होती असं म्हटलं तर पुरेसं होणार नाही. ती नीट होती. मी काही सांगितलं की तिला ते का, हे हवं असायचं, आणि एकदा का कळलं की मग ती दुसऱ्यांना सांगायची. उशिरा आलेल्या पोरांना मागच्या बाकावर ती माझा 'सह' समजावून द्यायची, हिंदीवाल्यांना हिंदीत, गुजराती पोरींना जमेल तशा गुजरातीत. ऐकताना मला वाटायचं, ही माझ्याहून बरी शिकवते. तिला ते मी कधी सांगितलं नाही. कौतुक केलं की मुलं शेफारतात, असं एक शाळेतलं वेड माझ्या डोक्यात होतं.

त्या वर्षीच्या कारकुनाच्या परीक्षेवर तिचं सगळं होतं. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. आईने सांगून ठेवलं होतं, एवढी एक परीक्षा दे, नाहीतर मामाने आणलेल्या स्थळाला हो म्हण. स्थळ लातूरकडचं होतं, माणसं वाईट नव्हती. "पण मॅडम," ती मला एकदा जिना उतरताना म्हणाली, "मला एकदा तरी स्वतःच्या नावाचं टेबल पाहिजे. बिल्टीवर दुसऱ्यांचीच नावं लिहितेय मी." हे तिने हसत सांगितलं, म्हणून मीही हसले.

परीक्षा झाली. मुलं आली ती नेहमीसारखीच, कुणी उड्या मारत, कुणी तोंड पाडून. ती म्हणाली, "बरा गेला. एक-दोन ठिकाणी घाई झाली." बस.

मग काही दिवसांनी त्या परीक्षेची तात्पुरती उत्तरसूची आली. ही रीत नव्या मंडळींना माहीत असेल, माझ्या पिढीला नव्हती. परीक्षा घेणारे आधी आपली उत्तरं जाहीर करतात. उमेदवाराला कॉम्प्युटरवर आपण काय उत्तर दिलं होतं आणि त्यांचं उत्तर काय आहे, दोन्ही दिसतं. त्यांचं उत्तर चुकलं असं वाटलं तर मुदतीत हरकत घ्यायची, पुरावा जोडायचा. तज्ज्ञ मंडळी बघतात, पटलं तर उत्तर बदलतात, आणि मग सगळ्यांचे मार्क नव्या उत्तराप्रमाणे धरले जातात. ज्याने हरकत घेतली त्याचेच नव्हे, सगळ्यांचे.

मी ती उत्तरसूची अशी वाचायला घेतली, जशा इतर बायका नवी साडी उलगडतात. आणि सापडलं. 'द मॅनेजर ॲज वेल ॲज हिज असिस्टंट्स', पहिला तुकडा. 'आर रिस्पॉन्सिबल', दुसरा. 'फॉर द डिले', तिसरा. चौथा, 'चूक नाही'. सरळसरळ दुसऱ्या तुकड्यात चूक, 'आर'चं 'इज' हवं. आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, चौथं. चूक नाही.

मला त्या दिवशी झालेला आनंद मी लपवणार नाही. नवऱ्याला जेवता जेवता सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांच्याकडे शिकलेली माणसं असतील ना?" मी म्हटलं, "म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये फळ्यावर वाक्य लिहिलं. "दुसरा पर्याय कुणी दिला?" म्हणून विचारलं. बरेच हात वर झाले, आणि ज्यांना उत्तरसूचीप्रमाणे आपला मार्क गेला असं वाटत होतं, त्यांचे चेहरे एकदम उजळले. सगळ्या पट्ट्या वाया गेल्या नव्हत्या म्हणायचं. मी काही हात मोजले नाहीत. शेवटच्या बाकाकडे तर बघितलंही नाही. तिचं हे चुकेल असं माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ज्या मुलीने अर्ध्या बॅचला हा नियम शिकवला तिला काय विचारायचं?

क्लासच्या सरांना माझा उत्साह पटला नाही. "मॅडम, जाने दो ना," ते म्हणाले, "एक मार्काचा तर मामला आहे. हर साल दोन-चार गलत असतात."

"एका मार्कावर माणसं आत-बाहेर होतात, सर. तुम्ही गणित शिकवता."

"ते ठीक आहे. पण कोणाचा फायदा, कोणाचा लॉस, काय माहीत?"

"ज्याचं बरोबर आहे त्याचा फायदा. दुसरं कोण?" मी म्हटलं. सर गणिताच्या बॅचला निघून गेले.

हरकत मीच लिहिली. व्याकरणाच्या पुस्तकातलं ते पान जोडायचं ठरलं. पण माझ्या मनात एक शंका होती. बोलण्यातलं इंग्रजी हल्ली सैल झालंय, काही ठिकाणी असं 'आर' चालवून घेतात. एखादा तज्ज्ञ म्हणाला असता, पुस्तक जुनं आहे, हे चालतं आता, तर? म्हणून मी वर्गात म्हटलं, "याच लोकांनी मागे कधीतरी हाच नियम विचारला असेल आणि तेव्हा बरोबर उत्तर दिलं असेल, तर त्यांचाच कान त्यांच्याच हाताने धरता येईल. कुणाकडे जुने पेपर आहेत का?"

एकही हात वर झाला नाही. जुने पेपर सांभाळून ठेवणारी ही पिढी नव्हे. वर्ग सुटला आणि ती शेवटच्या बाकावरून पुढे आली.

"मॅडम, नाही पाठवली हरकत, तर उत्तर तसंच राहील ना?"

"राहील. म्हणून तर पाठवायची."

"कोणीतरी दुसरं पाठवेल, असं होईल?"

"पाठवेलही. नाहीही पाठवणार. आपण कुणावर अवलंबून का राहायचं?"

तिने फळ्याकडे बघितलं. वाक्य अजून पुसलेलं नव्हतं. मग म्हणाली, "चालेल. बघते मी." मला वाटलं, घरच्या काळजीत असेल, निकाल जवळ आला की असं होतं. मी पर्स उचलली आणि बटाटे संपलेत का ते आठवत खाली उतरले.

दोन दिवसांनी ती पेपर घेऊन आली. त्याच परीक्षेचा, काही वर्षांपूर्वीचा. त्यात वाक्य होतं, 'द प्रिन्सिपल, अलाँग विथ द टीचर्स, वेअर प्रेझेंट', आणि तेव्हाच्या अंतिम उत्तरसूचीत चूक नेमकी तिथेच दाखवलेली होती, 'वेअर'ऐवजी 'वॉज'. 'अलाँग विथ' काय आणि 'ॲज वेल ॲज' काय, नियम एकच. एकदा प्राचार्य एकटे मोजले तर आता मॅनेजर एकटा का नाही? तिने दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून आणली होती, जोडलेल्या भागाखाली रेघ मारून. इतकं स्वच्छ काम मला जमलं नसतं.

"शाबास," मी म्हटलं. हा शब्द मी तिला पहिल्यांदाच म्हटला होता. ती जरा हसली.

हरकत ज्यांना हवी त्यांनी आपापल्या लॉगिनमधून पाठवायची होती. मुलांनी माझा मजकूर घेतला, पुस्तकाचं पान आणि तिने आणलेला पेपर जोडला आणि पाठवून दिला. पाठवायला त्यांना मदतही तीच करत होती, फाइल जात नव्हती तेव्हा लहान करून देत होती. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

अंतिम उत्तरसूची आली तेव्हा उत्तर बदललेलं होतं. दुसरा तुकडा. मी त्या दिवशी मुलांना खालून फाफडा मागवला. क्लासच्या सरांनीही हात जोडून दाखवले, "मॅडम, आप जीत गये." मी घरी नवऱ्याला म्हटलं, बघ, शिकलेल्या माणसांनी ऐकलं. तो म्हणाला, "आता तरी पत्रिकांना सुट्टी दे." ती त्या दिवशी आली नव्हती. ऑफिसात काम असेल, असं मी धरलं.

निकाल लागला. आमच्यातली तीन मुलं लागली. आमच्या क्लाससाठी एवढं म्हणजे दिवाळी. यादीत मी तिचं नाव शोधलं, मग पुन्हा एकदा शोधलं, मग चष्मा पुसून शोधलं. नव्हतं.

ती आली ती दुपारी, बॅच नसताना. हातात कापडी पिशवी, तिच्यात क्लासची पुस्तकं आणि जुने पेपर. "आता मला नाही लागणार, दुसऱ्या कुणाला द्या," म्हणाली. मी तिला बसवलं. पाणी दिलं. काय बोलावं ते मला कळेना, आणि मला कळेनासं झालं की मी शिक्षिका होते. म्हटलं, "कितीने गेलं?"

"एकाच्या आतच, मॅडम."

"कुठे गेला तो एक? दाखव मला. अजून काही चुकलं असेल त्यांचं, आपण अर्ज करू."

"त्यांचं नाही चुकलं," ती म्हणाली. मग तिने मोबाइल काढला, तिच्या उत्तरांचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मॅनेजर आणि त्याचे असिस्टंट्स. तिने निवडलेला पर्याय, चौथा. चूक नाही.

मी ते वाचलं आणि मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पहिल्या उत्तरसूचीत तिचा हा मार्क तिला मिळालेला होता. नव्या उत्तरसूचीने तो गेला, आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात तोही गेला. त्याच वेळी ज्यांचं बरोबर होतं त्यांचे वाढले. कट-ऑफही त्यामुळे किती हलला असेल, ते मला सांगता येणार नाही. पण एवढं मला कळत होतं, की तो एक मार्क तिच्याकडे राहिला असता तर यादीत चौथं नाव तिचं असतं.

"हे तुझं चुकलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. आजही त्याची लाज वाटते. त्या क्षणी मला तिच्या नोकरीआधी माझा नियम दिसला.

"घाई झाली. शेवटचे थोडेच क्षण होते. बोट धरायचं सुचलं नाही. मनात 'तसेच' आलं," ती म्हणाली. "घरी आल्या आल्या कळलं मला. मग त्यांची उत्तरसूची आली, आणि तिच्यात माझंच उत्तर बरोबर धरलेलं. आईला सांगून टाकलेलं, बहुतेक होतंय म्हणून."

"मग तो जुना पेपर का आणलास?"

"तुम्ही विचारलंत ना, कुणाकडे आहे का. माझ्याकडे होता."

 खाली कढईत काहीतरी पडल्याचा चर्र आवाज झाला. जिन्यावर पावलं वाजली आणि पास झालेल्या तिघांपैकी एक जण पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने आधी मला वाकून नमस्कार केला आणि मग तिच्यापुढे बॉक्स धरला. "दीदी, आपका वो पेपर नहीं होता तो मेरा नहीं होता," तो म्हणाला. त्याचं त्या एका मार्काने झालं होतं. तिने पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्याचं अभिनंदन केलं, जॉइनिंग कधी आहे ते विचारलं. तो गेला.

मग मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस गं. एकदा तरी बोलायचं होतंस."

"मग काय केलं असतं तुम्ही?"

यावर मी खूप विचार केला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगते, अजून करते आहे. हरकत मागे घेतली असती? मग तो पेढे आणणारा मुलगा? त्याचं उत्तर बरोबर होतं, त्याने माझी पट्टी लावून अभ्यास केला होता. हरकत पाठवलीच असती? मग तिच्या डोळ्यांत बघून पाठवली असती का? बरोबर ते बरोबर, चूक ती चूक, हे म्हणायला सोपं होतं, कारण आजवर चुकीच्या बाजूला माझं कुणी नव्हतं. क्लासच्या सरांनी विचारलं होतं, कोणाचा फायदा, कोणाचा लॉस. गणिताच्या माणसाला जे दिसलं ते मला दिसलं नाही. हरकत घेतल्याचं दुःख मला नाही, ती घ्यायलाच हवी होती. दुःख याचं आहे, की माझ्या वर्गात कुणीतरी एवढं मोठं काहीतरी एकटीने उचलत होतं आणि मी बटाट्यांचा विचार करत जिना उतरले.

हे सगळं त्या दुपारी मी तिला काही सांगू शकले नाही. फक्त म्हटलं, "काय केलं असतं, माहीत नाही."

"तेच," ती म्हणाली. "तुम्हाला ठरवायला लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

तिने रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाली. काशीमीऱ्याला जायचं होतं, दुपारच्या गाड्यांच्या बिल्ट्या राहिल्या होत्या.